साडूचा सोफा

चामड्याच्या सोफ्याला तडे गेले की आपल्याकडे घरातून सर्वांत आधी तेल निघतं. कोणतं, हे त्या घरच्या रीतीवर अवलंबून. कोकणातल्या माणसाला खोबरेल सुचतं, विदर्भातल्याला जवसाचं सुचतं, परदेशी मुलाकडे तीन महिने राहून आलेल्यांना ऑलिव्हचं सुचतं, आणि ज्यांनी लहानपणी विहिरीवर मोट चालताना पाहिली आहे, ते करंजाच्या तेलाखाली बोलतच नाहीत. एकमत फक्त एवढ्यावर असतं, की सोफा कोरडा पडलाय आणि त्याला काहीतरी पाजलं पाहिजे.

माझं उभं आयुष्य चामड्याच्या रंगाची रसायनं विकण्यात गेलं. धारावी, कानपूर, चेन्नई, जिथे टॅनरी तिथे मी. नातेवाइकांत मात्र माझी ओळख ‘चपला-बुटांचं काहीतरी करतात’ एवढीच होती, आणि चाळीस वर्षांत एकानेही त्यापुढे चौकशी केली नाही. निवृत्त झाल्यावर अचानक माझा भाव वधारला, कारण तोपर्यंत सगळ्यांनी घेतलेले सोफे म्हातारे झाले होते.

मे महिन्यात नागपूरला आमच्या साडूंकडे साखरपुडा होता. मधुकरराव म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईंचे, यजमान, त्यामुळे मानाने मोठे. त्यांनी आम्हाला आठवडाभर आधी बोलावलं. ‘मांडवाचं वगैरे बघायला घरचं माणूस हवं,’ असं फोनवर म्हणाले. घरात पाऊल टाकलं, पाण्याचा तांब्या पुढे आला आणि पाठोपाठ मधुकरराव म्हणाले, “साडूभाऊ, आधी सोफा बघा.”

सोफा तीन माणसांचा, गडद तपकिरी. निवृत्तीचे पैसे हातात आले त्या आठवड्यात घेतलेला. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेला आणि समोरून कूलरचा झोत. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तीन ते सहा जे ऊन त्या खिडकीतून येत होतं, त्यात पापड वाळले असते. मग संध्याकाळी कूलर सुरू झाला की तोच सोफा दमट हवेत. रोज वाळायचं, रोज ओलसर व्हायचं, असा त्याचा अकरा वर्षांचा दिनक्रम.

त्यावर तिघांनी तीन जागी तीन आजार करून ठेवले होते. डावी जागा मधुकररावांची. तिथे डोकं टेकायच्या भागावर एक काळपट, चिकट गोल उमटला होता. मधली जागा कोणाचीच नव्हती, म्हणून तिच्यावर ऊन बसत होतं; तिथे बारीक तड्यांचं जाळं. उजवी जागा नातवाची. त्याच्या दप्तराच्या बकलाने हाताच्या कडेवर आणि बैठकीवर ओरखडे काढले होते.

घरात त्यावर एक प्रयोग आधीच होऊन गेला होता. मुलगी पसंत करायला व्याही आले, त्याच्या आदल्या रात्री मधुकररावांच्या धाकट्या भावाने ओरखड्यांना तपकिरी बूट पॉलिश मारलं. सोफा झकास दिसला. व्याही पांढरा लेंगा घालून आले, उजवीकडे बसले आणि होकार देऊन उठले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून कुंदाताईंनी देवाचं नाव घेतलं. पॉलिशमधलं मेण आणि रंग बुटावर टिकतात, कारण बुटावर कोणी बसत नाही. चामड्याला ते पक्के धरून राहत नाहीत. ऊब आणि घासणं मिळालं की पुढच्या माणसाबरोबर निघतात. तरी लग्न जमलं, यावरून माणसं चांगली असावीत.

मी पहिल्यांदा सोफा उलटा केला. हे लोकांना आवडत नाही. त्यांना वाटतं, बाटली उघडून काम सुरू करावं. पण आपण कशावर काम करतोय, हे कळल्याखेरीज बाटली उघडू नये. खालच्या बाजूला, जिथे चामडं लाकडी चौकटीला पिनांनी ठोकलेलं असतं, तिथे कापलेली कड दिसते. खरं चामडं असेल तर ती कड आतून तंतूतंतूंची, मऊ, लवदार असते. बैठकीची कड तशी होती. मग मी बाजूची आणि मागची कड पाहिली. तिथे पातळ प्लॅस्टिकचा थर आणि त्याखाली विणलेलं कापड.

“बैठक, पाठ, हात चामड्याचे आहेत, बाकी रेग्झीन,” मी म्हणालो.

मधुकररावांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहवेना. दुकानदाराने ‘संपूर्ण जेन्युइन लेदर’ सांगितलं होतं. ही रीत धंद्यात जुनी आहे. अंग लागतं तिथे चामडं, भिंतीकडे तोंड असतं तिथे रेग्झीन. फसवणूक म्हणायची तर म्हणा, पण निदान अंग लागतं तिथे तरी खरं होतं. शेजारच्या बाई तेवढ्यात डोकावल्या आणि आमच्याही सोफ्याचं बघा म्हणाल्या. त्यांच्या सोफ्याचे पापुद्रे सुटत होते, उचलावे तसे निघत होते आणि खाली कापड उघडं पडत होतं. तो चामड्याचा चुरा चिकटवून वर प्लॅस्टिकचा थर दिलेला प्रकार, बॉन्डेड म्हणतात तो. पापुद्रा सुटायला लागला की त्याला क्रीम नाही, तेल नाही, काही नाही, कापड बदलायचं. हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. त्या नंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग पाण्याची परीक्षा. बोटावर एक थेंब घेऊन बैठकीच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर ठेवला. चामड्याने थेंब पिऊन तिथे गडद डाग दिसला, तर चामडं उघडं, वर रंगाचा थर नसलेलं. थेंब तसाच गोल बसून राहिला, तर वर रंगाचा थर आहे. आमचा थेंब बसून राहिला. घरातल्या वापराचे बहुतेक सोफे असेच असतात.

सगळ्या तेलवाल्यांचा घोटाळा इथेच होतो. आपल्या लोकांचं चामड्याचं ज्ञान कोल्हापुरी चपलेवरून आलेलं आहे. कोल्हापुरी झाडांच्या सालींनी, हिरड्याने कमावलेली, वर काही न फासलेली. ती तेल पिते, मऊ होते, चावायची थांबते. मोटेचं चामडंही तसंच. ते ज्ञान अगदी खरं आहे, फक्त ते सोफ्याचं नाही. सोफ्याचं चामडं बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावतात. मग लाकडी पिंपात गरगर फिरवत त्याच्या तंतूंत तेल मुरवतात, त्याला धंद्यात फॅट लिकर म्हणतात. आणि त्यानंतर वरून रंग, तो धरून ठेवणारा बाइंडर आणि पारदर्शक टॉप कोट, असे थर चढतात. सगळे मिळून जेमतेम केसाच्या जाडीचे. अशा सोफ्यावर तेल चोळणं म्हणजे नेलपॉलिश लावलेल्या नखाला तेल चोळणं. आत जायला वाटच नाही. वर बसतं, धूळ धरतं, आणि पुढे हळूहळू रंगाचा थरच मऊ करून टाकतं.

हे मी सांगत असताना माई, म्हणजे मधुकररावांच्या आई, शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कशाचं कातडं आहे रे हे?”

“म्हशीचं असावं माई,” मी म्हणालो. इथल्या मालात म्हैस बरीच असते, तेव्हा हे अगदीच हवेत नव्हतं. मधुकररावांनी माझ्याकडे जन्मभराच्या कृतज्ञतेने पाहिलं.

स्वच्छतेला सुरुवात झाली तेव्हा पहिला वाद कामाच्या शेवंताबाईंशी झाला. सोफा रोज कोण पुसतं, हे विचारल्यावर त्या अभिमानाने म्हणाल्या, “मी त रोज पुसतो ना जी. काच पुसाच्या निळ्या पान्यानं पुसतो, म्हनून त चमकते.” त्या पाण्यात बहुधा अमोनिया किंवा स्पिरिट असतं. काचेला ते चालतं, रंगाच्या थराला ते रोज थोडं थोडं खातं. चामडं स्वभावाने किंचित आम्लधर्मी. त्याचा पीएच साधारण चार-पाचच्या आसपास. अंगाचा साबण नऊ-दहाच्या घरात, कपड्यांची पावडर त्याच्याही वर. म्हणून ज्याच्या बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ किंवा ‘लेदर क्लीनर’ असं लिहिलेलं असतं ते घ्यायचं. माझ्या सामानात एक बाटली होतीच. निवृत्त झालो तरी सवय जात नाही. काही लोक प्रवासात अमृतांजन नेतात.

आधी व्हॅक्युमच्या मऊ ब्रशने बैठकीच्या फटी साफ केल्या. हे टाळून थेट पुसायला घेतलं तर फटीतली वाळू ओली होते आणि आपण पॉलिश पेपरने सोफा घासत बसतो. त्या फटींतून शेंगदाण्याची सालं, रिमोटचा एक सेल, कुंदाताईंचं हरवलेलं जोडवं आणि एका बँकेचं अकरा वर्षांपूर्वीचं टोकन निघालं. जोडव्यासाठी त्या काळच्या कामवालीला काढून टाकलं होतं, हे आठवून घरात जरा वेळ कोणी बोललं नाही.

मग क्लीनर स्पंजवर घेतला, सोफ्यावर नाही. स्पंज दाबून फेस काढला आणि तो फेस हातभर जागेवर मऊ ब्रशने गोल गोल फिरवला. जोर लावायचा नसतो. मळ फेसात यायला थोडा वेळ द्यायचा असतो. लगेच ओलसर, घट्ट पिळलेल्या पांढऱ्या कपड्याने टिपून घेतलं आणि पुढच्या हातभर जागेवर गेलो. कपडा पांढराच हवा, कारण तो बोलतो. त्यावर करडं-काळं आलं तर मळ निघतोय, चालू ठेवा. त्यावर तपकिरी आलं तर मळ संपलाय आणि आता सोफ्याचा रंग निघतोय, तिथेच थांबा. पहिल्या कपड्यावर जे आलं ते पाहून कुंदाताई म्हणाल्या, “अहो, हा रोज पुसलेला सोफा?” शेवंताबाई म्हणाल्या, “कपडाच मळका असन.”

उजव्या बाजूच्या पॉलिशला मात्र फेसाने दाद दिली नाही. पॉलिशमध्ये मेण असतं, आणि मेणाला पाण्याचं वावडं. तिथे कापसाच्या बोळ्यावर जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, घासता न घासता, एका दिशेने उचलावं लागलं. प्रत्येक पुसण्यानंतर बोळा बदलायचा, नाहीतर निघालेलं मेण आपणच पुढे नेऊन लावतो. हा उपाय ठिपक्याएवढ्या जागेपुरता. अख्ख्या सोफ्यावर स्पिरिट फिरवाल तर टॉप कोटसुद्धा निघून येईल. नेलपॉलिश काढायचं द्रव तर त्या खोलीतही आणू नये.

सगळं पुसून झाल्यावर ते पंख्याखाली वाळायला हवं होतं. उन्हात नाही आणि कूलरसमोरही नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवा असं सांगणारा माणूस किती लोकप्रिय होतो, ते मी सांगत बसत नाही. दोन तास घरातले सगळे माजघरात पाटावर बसले आणि माझ्या बायकोने मला ओळख दाखवली नाही.

डोक्याच्या डागाकडे मी भीत भीतच वळलो. भीती चामड्याची नव्हती. मधुकररावांच्या डोक्यावर आता केस मोजकेच उरले आहेत, पण तेलाचं प्रमाण पूर्वीच्या केसांच्या हिशेबानेच चालू आहे. अकरा वर्षं ते तेल आणि घाम त्या एका जागी मुरले. तिथे रंगाचा थर मऊ होऊन चिकट झाला होता. नख टेकवलं तर खूण उठत होती. लोकांना वाटतं, ही जागा कोरडी पडून खराब झाली. खरं उलट आहे. तिथे तेल जास्त झालंय. क्रीमची तिथे काहीच गरज नसते.

“मक्याचं पीठ टाकून ठेवा रात्रभर, ओढून घेतं,” कुंदाताई म्हणाल्या. ताज्या डागाला, उघड्या चामड्याला ते चालतं. अकरा वर्षांच्या तेलाला पीठ फारसं काही करत नाही. सकाळी आपल्याकडे डाग आणि पीठ दोन्ही असतात. मी चामड्याचा डिग्रीझर वापरला, कपड्याने टिपत, पुन्हा पुन्हा. बरंचसं निघालं, आणि त्याबरोबर मऊ झालेला रंगही काही ठिकाणी निघाला, कारण तो आधीच हरलेला होता. तिथे नव्याने रंग द्यावा लागणार होता. आणि आत मुरलेलं तेल सगळं निघत नाही. काही महिन्यांनी ते पुन्हा वर येऊन नव्या रंगालाही मऊ करू शकतं, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं.

विलायतेत 19व्या शतकात पुरुषांनी डोक्याला मॅकॅसर तेल चोपडायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या बायकांनी खुर्च्यांच्या पाठींवर विणलेले रुमाल टाकायला घेतले. ही गोष्ट मी मधुकररावांना सांगितली. कुंदाताई उठून आत गेल्या आणि क्रोशाचा एक रुमाल घेऊन आल्या, जणू इंग्लंडहून निरोप आला होता. मधुकरराव म्हणाले, “म्हणजे मी आता रुमालावर डोकं ठेवायचं? स्वतःच्या घरात?” रुमाल तेव्हाच टाकला गेला.

आता मधली जागा. तडा म्हटला तरी सगळे तडे सारखे नसतात. दोन बोटांनी कातडं हलकेच ताणायचं आणि तड्याच्या तळाशी पाहायचं. तळाशी बाकीच्या सोफ्याचाच रंग दिसला तर ती नुसती सुरकुती. तळाशी फिकट रेघ दिसली तर वरचा रंग फुटलाय, पण चामडं धड आहे. आणि तळाशी लव दिसली, नख अडकलं, तर तंतूच तुटलेत. मधल्या बैठकीवर बहुतेक पहिल्या आणि दुसऱ्या जातीचे तडे होते. फक्त पुढच्या कडेला, जिथे गुडघा वाकतो तिथे, बोटभर लांबीचा एक तिसऱ्या जातीचा.

क्रीम पहिल्याला चांगलं, दुसऱ्याला थोडंफार, तिसऱ्याला अजिबात नाही. दुसऱ्या जातीत फुटलेल्या रंगाच्या फटीतून ते आत शिरू शकतं आणि सुकलेले तंतू लवचीक होतात. तडा पुढे पळायचा थांबतो. पण फुटलेला रंग क्रीमने सांधला जात नाही. जाहिरातीत बाटलीआधी तडे असलेला आणि बाटलीनंतर गुळगुळीत झालेला सोफा दाखवतात, ते दोन सोफे असतात.

क्रीम पाण्यात फेटलेलं हवं, पातळ, ज्यात बहुधा लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ असतो. एका बैठकीला बदामाएवढं पुरे. तेही कपड्यावर घेऊन कपड्यातच जरा मुरवायचं, मग सोफ्याला लावायचं. थेट सोफ्यावर टाकलं तर जिथे पडतं तिथेच जास्त बसतं. थर इतका पातळ की बोट फिरवल्यावर लागू नये. दोन-तीन तास थांबून कोरड्या कपड्याने पुसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच पातळ हात. लावल्यावर रंग गडद दिसतो, मग तो मूळ रंगावर येतो; घाबरायचं कारण नाही. ज्या दिवशी पुसूनही हाताला चिकट लागेल, त्या दिवशी चामड्याचं पोट भरलं समजा. मधल्या बैठकीने दोन हात घेतले आणि तिसऱ्याला नाही म्हणाली.

मधुकररावांना हे संथपण मानवेना. “एकदाच अख्खी बाटली ओतून मोकळे का होत नाही?” असं ते दर दोन तासांनी विचारत. मी सांगितलं, की जादा क्रीम आत जात नाही, वर राहतं, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्यावर बुरशी येते. त्यांनी ऐकलं. रात्री त्यांच्या धाकट्या भावाने मात्र खोबरेलाची वाटी आणून मधल्या बैठकीशी काही खाजगी बोलायचा प्रयत्न केला. कुंदाताई पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून वाचलो. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. मे महिन्यात तड्यात शिरलेलं खोबरेल डिसेंबरात नागपूरच्या थंडीत पांढरं होऊन तड्यातड्यात उभं राहिलं असतं आणि सोफ्यावर अख्ख्या विदर्भाचा नकाशा उमटला असता. जवसाचं तेल त्याहून वाईट. ते हवेत सुकून कडक होतं, म्हणून तर ऑइल पेंटमध्ये ते घालतात. स्वयंपाकाची बाकीची तेलं दोन उन्हाळ्यांत खवट होतात आणि मग पाहुणे आल्या आल्या ‘काय तळताय?’ विचारतात.

मधेच एक कुशनवाला येऊन गेला. कुंदाताईंनी माझ्यावर विश्वास ठेवून त्यालाही बोलावून ठेवलं होतं. त्याने सोफ्याभोवती एक फेरी मारली, मला म्हणाला, “काकाजी, कायले एवढी मेहनत करून राहिले? पुरा कातडा काढतो, रेग्झीन मारून देतो. साताठ वर्ष पाहा लागत नाही.” माणूस प्रामाणिक होता, हिशेबही बरोबर होता. फक्त नागपुरी उन्हाळ्यात रेग्झीनवर बसलेला माणूस उठताना आवाज होतो, हे त्याने हिशेबात धरलं नव्हतं. मधुकररावांनी त्याला तर्री पोहे खायला घालून निरोप दिला.

बोटभर तड्याला मी फिलर भरला. आधी तिथली सुटलेली लव नखं कापायच्या बारीक कात्रीने कापली, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने कडा हलक्या हाताने सपाट केल्या, पातळ बाइंडर पाजून वाळू दिला. फिलर म्हणजे लवचीक, रबरासारखी ताणली जाणारी पेस्ट. ती एकदम ठासून भरायची नसते. पत्त्याच्या कडेने पातळ थर ओढायचा, वाळला की तो खाली बसतो, मग पुढचा. तीन थरांनंतर तो सपाट झाला, पुन्हा पॉलिश पेपर. नुसता फेव्हिकॉल भरून चालतं का, असं धाकटा भाऊ लांबून विचारत होता. वाळून कडक होणारं काहीही तिथे भरलं तर गुडघा वाकताच ते तडकतं. फिलरही त्या जागी काही जन्मभर टिकणार नाही. जिथे रोज वाकतं, तिथे कधीतरी पुन्हा फुटणार. ती जागा खरोखर कायमची बरी करायची तर तेवढं चामडंच बदलावं लागतं.

ओरखड्यांचं आधी डोळे मिटून पाहायचं. बोट फिरवलं आणि काहीच लागलं नाही तर गेलाय तो फक्त रंग. लव किंवा खळगा लागला तर चामडंही खरवडलंय. नातवाच्या दप्तराने दोन्ही प्रकार केले होते. खळग्यांना तड्यासारखंच, पण थोडक्यात. बाकीच्यांना फक्त रंग.

रंग जुळवणं हा प्रकार नवऱ्या मुलाची उंची विचारण्यासारखा नाजूक, असं मी म्हणणार होतो, पण साखरपुड्याच्या घरात गप्प बसलो. तो दिवसा, खिडकीच्या उजेडात जुळवायचा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग सकाळी दुसऱ्याच सोफ्याचा असतो. पाण्यातला रंग ओला असताना दुधाळ, फिकट दिसतो आणि वाळला की गडद होतो. म्हणून मागच्या बाजूला ठिपका देऊन, वाळवून मगच ठरवायचं. माझा पहिला ठिपका मुद्दामच फिकट होता; फिकटावर गडद देता येतो, गडदावरून परत येता येत नाही. मधुकररावांना तपकिरी रंगात लाल किती आहे यावर मत होतं, कुंदाताईंना वेगळं मत होतं, आणि शेवंताबाईंना वाटत होतं की काळाच मारावा, मळ दिसत नाही.

रंग ब्रशने फासला तर रेघोट्या राहतात. स्पंजाच्या तुकड्याने टिपटिप करत, कडेला विरत जाईल असा द्यायचा. पातळ थर, मध्ये पंख्याखाली वीस मिनिटं वाळवण, पुन्हा थर. चार थरांत ओरखडे मिटले, डोक्याचा डाग पाच थरांत, फिलरची जागाही त्यातच झाकली गेली. शेवटी पारदर्शक टॉप कोट, मंद चमकीचा. चकचकीत घेतला असता तर दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागेने आपापली ओळख करून दिली असती. टॉप कोट दिल्यावर दिवसभर तरी त्यावर कोणी बसायचं नाही आणि पुरता कडक व्हायला त्याला आणखी काही दिवस लागतात. मधुकररावांनी घरात पहिल्यांदाच सोफ्यासमोर खुर्ची टाकून पेपर वाचला.

सोफा खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला. कूलरचं तोंड वळवलं. आता डाव्या जागेवरून टीव्ही तिरका दिसतो, याबद्दल मधुकररावांची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. शेवंताबाईंना कोरडा मऊ कपडा दिला. क्रीमचा एक पातळ हात उन्हाळ्याआधी आणि एक दिवाळीनंतर, एवढं मी कॅलेंडरवर लिहून दिलं. पावसाळ्यात नाही.

साखरपुड्याला व्याही आले. या वेळी करड्या पँटमध्ये, अनुभवाने. उजव्या जागेसमोर ते क्षणभर घुटमळले, कुंदाताई “बसा ना, बसा” म्हणाल्या, आणि ते बसले. उठले तेव्हा सगळ्यांनी एकदम त्यांच्या पाठीमागे पाहिलं. काही नव्हतं. मधुकररावांनी तिथेच जाहीर केलं, की सोफा जुनाच आहे, आमच्या साडूभाऊंनी हात फिरवला, यांना चामड्यातलं सगळं कळतं.

व्याह्यांचा चेहरा उजळला. “आमच्याकडेही लेदरचाच आहे,” ते म्हणाले. “इटालियन. मुलाने मुंबईहून आणलाय, बराच महाग. जरा कोरडा पडलाय, एवढंच.” त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. मी चष्मा लावला. बैठकीवरून तळहाताएवढे पापुद्रे उठले होते आणि त्यांच्याखाली विणलेलं पांढरं कापड स्वच्छ दिसत होतं.

मधुकररावांनी माझा गुडघा दाबला. मुलगी समोरच बसली होती, अंगठी अजून घालायची होती.

“छान आहे,” मी म्हणालो. “वर चादर टाकत जा.”